मोकाट, तुषार आणि ठिबक: पाण्याची कार्यक्षमता नेमकी कशावर ठरते?

प्रश्न: विहिरीला सेकंदाला साधारण ५ लिटर पाणी आहे. मध्यम जमिनीत एक हेक्टर गहू आहे आणि पुढच्या हंगामात रुंद ओळींचे पीक घ्यायचे आहे. मोकाट पाण्याची कार्यक्षमता ६० टक्के, तुषारची ७५ आणि ठिबकची ९० असे सगळीकडे वाचायला मिळते. मग सरळ ठिबकच घ्यावे का? प्रत्यक्षात पाण्यात किती फरक पडतो?

उत्तर:

हे तीन आकडे अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक अंदाजांतून आलेले आहेत आणि आराखडा करताना हाताशी धरायला ते ठीक आहेत. मात्र ते कोणत्याही संचाची हमी नाहीत. कार्यक्षमता ही नळीची किंवा नोझलची नसते, ती दिलेल्या प्रत्येक पाळीची असते. पाळीच्या दिवशी मुळांच्या थरात किती ओलावा कमी झाला होता, आपण किती पाणी सोडले आणि ते शेतभर कितपत सारखे पसरले, या तीन गोष्टींवर ती ठरते. त्यामुळे नीट आखलेले मोकाट पाणी ७५ टक्क्यांवर जाऊ शकते आणि दुर्लक्षित ठिबक त्याच्याही खाली येऊ शकते. आपल्याच गव्हाचे गणित मांडून हे पाहू.

जमीन मध्यम असल्याने एक मीटर खोलीच्या मातीत पिकाला घेता येण्याजोगे पाणी साधारण १५० मिलिमीटर धरू. पूर्ण वाढलेल्या गव्हाची कामाची मुळे ६० सेंटिमीटरपर्यंत धरली, तर त्या थरात ९० मिलिमीटर पाणी मावते. त्यातले निम्मे संपले की पाणी द्यायचे, म्हणजे पाळीची निव्वळ गरज ४५ मिलिमीटर झाली. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणून ४५ मिलिमीटरला ४५० घनमीटर लागतात. आपला पंप तासाला १८ घनमीटर देतो, तेव्हा एक थेंबही वाया गेला नाही तर ही पाळी बरोबर २५ तासांत उरकेल. हे २५ तास मोजपट्टी म्हणून लक्षात ठेवावेत, कारण पुढे प्रत्येक पद्धतीला त्यापेक्षा किती तास जास्त लागतात एवढेच पाहायचे आहे.

आता नेहमीचे मोकाट पाणी घेऊ. शेत १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद आहे, ५ मीटर रुंदीचे २० सारे पाडले आहेत आणि प्रत्येक सारा शेताच्या पूर्ण लांबीचा आहे. ही माती ४५ मिलिमीटर पाणी साधारण तासाभरात शोषते, असे धरू. सेकंदाला ५ लिटरची धार ५ मीटर रुंद साऱ्यात सोडली, तर पिकातून वाट काढत ती शेवटच्या टोकाला पोचायला सुमारे दोन तास घेते. टोक नीट भिजावे म्हणून पाणी देणारा माणूस दारे मोडायला आणखी अर्धा तास थांबतो. दीडशे मिनिटांत ४५ घनमीटर पाणी ५०० चौरस मीटरवर गेले, म्हणजे सरासरी ९० मिलिमीटर झाले. गरज ४५ मिलिमीटरची होती, म्हणजे कार्यक्षमता ५० टक्के, आणि वीस साऱ्यांना मिळून पंप ५० तास चालला.

जादा गेलेले पाणी कुठे गेले हे डोळ्यांना दिसत नाही. शेताबाहेर काहीच वाहिले नाही, म्हणून काही वाया गेले असे वाटतही नाही. पण साऱ्याच्या तोंडाशी पाणी अडीच तासांहून अधिक काळ उभे होते. तिथल्या मातीला पुरेसे पाणी पहिल्या तासातच मिळाले होते, त्यानंतरचे सगळे मुळांच्या खाली उतरले आणि पाण्यात विरघळणारे नत्रही सोबत घेऊन गेले. शेवटच्या टोकाला बांधाशी तुंबलेल्या पाण्याचीही तीच गत होते. हे ओळखायला बोटाएवढी जाड, सव्वा मीटर लांबीची लोखंडी सळई पुरते. पाणी दिल्यानंतर एक-दोन दिवसांनी ती साऱ्याच्या तोंडाशी, मध्यावर आणि शेवटाला हाताने दाबून पाहावी. ओल्या मातीत सळई सहज जाते आणि कोरडा थर लागताच अडते. मुळे ६० सेंटिमीटरवर असताना तोंडाशी सळई मीटरभर खाली जात असेल, तर पाणी पाझरून गेले आहे. गव्हाची तोंडाकडची पाने फिकट आणि मधली हिरवी दिसत असतील, तर बहुधा नत्र वाहून गेल्याची ती खूण असते. खडकाळ किंवा मुरमाड थरावर मात्र सळई दगडामुळेही अडते, म्हणून एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नये.

नवीन संच न घेता यात काय करता येते, हे फार कमी वेळा सांगितले जाते. शेताच्या मध्यावर आडवा दांड किंवा पाइप घेऊन साऱ्याची लांबी ५० मीटर करावी, धार तीच ठेवावी. लांबी निम्मी झाली म्हणजे वेळ निम्मा होतो, असे वाटेल. प्रत्यक्षात तो निम्म्याहून बराच कमी होतो, कारण लांब साऱ्यात पाणी पुढे सरकत असताना मागे भिजलेला पट्टा मोठा होत जातो आणि धारेचा मोठा भाग तोच पट्टा पीत राहतो. पहिल्या ५० मीटरला धारेला साधारण ४० मिनिटे लागतात, पुढच्या ५० मीटरला मात्र तिच्या जवळपास दुप्पट. आखूड साऱ्याला ५० मिनिटे पाणी दिले, तर १५ घनमीटर पाणी २५० चौरस मीटरवर जाते, म्हणजे ६० मिलिमीटर. कार्यक्षमता ७५ टक्के झाली आणि चाळीस साऱ्यांना मिळून पंप सुमारे ३३ तास चालला. विहीर तीच, पंप तोच आणि पीकही तेच असताना १७ तासांचे पाणी वाचले.

याला अट एकच आहे: जमीन खरोखर सपाट आणि सारख्या उताराची हवी. साऱ्यात एखादा उंचवटा असेल, तर तो भिजेपर्यंत बाकीच्या साऱ्याला जादा पाणी प्यावे लागते आणि वरचे सगळे गणित कोसळते. त्याचबरोबर धार फार बारीक करू नये. कमी पाणी सोडले म्हणजे बचत झाली, हा समज मोकाट पद्धतीत उलटा पडतो. बारीक धार पुढे सरकत नाही, तोंडाशीच मुरत राहते. दोन साऱ्यांत धार वाटून एकाच वेळी दोन्ही भिजवण्याची सवय याच कारणाने महाग पडते. सारे लांबच ठेवावे लागले, तर शेवटचे पाच-दहा मीटर कोरडे असतानाच दारे मोडावीत, म्हणजे साऱ्यात उभे असलेले पाणी उताराने पुढे जाऊन ते टोक भिजवते. किती मीटर आधी मोडायचे, हे दोन-तीन साऱ्यांच्या अनुभवाने आणि नंतरच्या सळईच्या तपासणीने नक्की करता येते.

आतापर्यंत धार साऱ्याच्या तोंडाशी मोजली होती. विहिरीपासून तिथपर्यंत मातीचा दांड असेल, तर वाटेत मुरणारे पाणी वेगळे धरावे लागते. दोनशे मीटरच्या आतल्या, बऱ्या निगेच्या मातीच्या पाटांत मार्गदर्शक अंदाजानुसार भारी जमिनीत १० टक्के, मध्यम जमिनीत १५ टक्के आणि वालुकामय जमिनीत २० टक्के पाणी मुरते. आपल्या मध्यम जमिनीत त्यामुळे ५० तासांचे ५९ होतील. दोनशे लिटरचा पिंप पंपापाशी आणि मग साऱ्याच्या तोंडाशी किती सेकंदांत भरतो हे पाहिले, तर आपल्या दांडाचा खरा आकडा मिळतो. सेकंदाला ५ लिटर असतील, तर पिंप ४० सेकंदांत भरायला हवा. तुषार आणि ठिबक यांच्या नावावर जमा होणाऱ्या बचतीचा एक मोठा वाटा प्रत्यक्षात बंद पाइपचा असतो, हे यावरून लक्षात येईल. नुसता पाइप टाकून मोकाट पाणी दिले, तरी तो वाटा पदरात पडतो.

मग तुषार कशासाठी? पूर्ण वाढलेल्या गव्हाच्या याच पाळीसाठी तुषारचे गणित करून पाहू. सेकंदाला अर्धा लिटर देणारी नोझल बारा बाय बारा मीटरवर लावली, तर एक नोझल १४४ चौरस मीटरवर तासाला १८०० लिटर पाणी टाकते, म्हणजे तासाला १२.५ मिलिमीटर. आपल्या पाण्यावर एका वेळी अशी १० नोझल चालतात आणि हेक्टरसाठी संच सात वेळा मांडावा लागतो. कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर ४५ मिलिमीटर मुळांत पोचवायला ६० मिलिमीटर टाकावे लागते, एका मांडणीला ४ तास ४८ मिनिटे लागतात आणि सातही मिळून साडेतेहतीस तास होतात. म्हणजे नीट आखलेल्या आखूड साऱ्यांपेक्षा या पाळीत तुषारने काहीच वाचवले नाही. पुष्कळांना हे खरे वाटत नाही, पण मोठ्या पाळीत हेच घडते.

तुषारचा खरा फायदा लहान पाळीत आहे. उगवणीनंतरच्या दिवसांत गव्हाची मुळे २० सेंटिमीटरपर्यंतच असतात. त्या थरात पिकाला मिळण्याजोगे पाणी ३० मिलिमीटर आणि पाळीची गरज १५ मिलिमीटर. मोकाट पाण्याला १५ मिलिमीटर देता येत नाही, कारण पाणी शेवटच्या टोकाला पोचायलाच ४५ ते ५० मिलिमीटर जमिनीत जिरलेले असते. आपल्या ५० मीटरच्या उत्तम साऱ्यातही या पाळीला ६० मिलिमीटर जाईल आणि कार्यक्षमता २५ टक्के होईल. तुषारने तेच काम २० मिलिमीटरमध्ये, एका मांडणीला दीड तासाहून थोड्या अधिक वेळात होते. मोकाटला ६०० घनमीटर लागतात तिथे तुषारला २००. हंगामात अशा दोन उथळ पाळ्या असतील, तर ८०० घनमीटर पाणी तिथेच वाचते, शिवाय बियाण्यावर पपडी धरण्याचा आणि खत खाली वाहून जाण्याचा धोकाही कमी होतो. हलक्या, वालुकामय जमिनीत पूर्ण वाढलेल्या पिकाचीही गरज प्रत्येक वेळी २० ते २५ मिलिमीटरच असते, म्हणून तिथे हा फरक शेवटच्या पाळीपर्यंत टिकतो. भारी, भेगाळणाऱ्या जमिनीत उलट घडते. तिथे पहिले पाणी भेगांत झपाट्याने शिरते, पण भेगा मिटल्यावर मुरण्याचा वेग इतका घसरतो की खाली पाझरून जाणारे पाणी फारसे उरत नाही. अशा जमिनीत मोकाट पाण्याचा तोटा पाझरापेक्षा साचलेल्या पाण्यात आणि लांबलेल्या वाफशात दिसतो.

तुषारचे ७५ टक्के टिकवायचे असतील, तर वारा आणि दाब या दोनच गोष्टींकडे बारकाईने पाहावे लागते. ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असेल, तर फवारा एका बाजूला झुकतो आणि नोझलच्या वाऱ्याकडच्या बाजूला कोरडे पट्टे राहतात. बारीक थेंब वाऱ्यासोबत शेताबाहेर जातात ते वेगळेच. अशा ठिकाणी पहाटे किंवा रात्री संच चालवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि वारा नेहमीचाच असेल तर नोझलमधले अंतर कमी करावे. पानांवर राहून उडून जाणारे पाणी मात्र सगळेच तोट्यात धरू नये, कारण पान ओले असेपर्यंत पिकाचे स्वतःचे बाष्पोत्सर्जन तेवढे कमी होते. दाबाचा दोष फवाऱ्याकडे पाहूनच कळतो. दाब कमी असेल, तर थेंब जाड पडतात आणि पाणी नोझलभोवती कड्यासारखे साचून मधली जागा कोरडी राहते. दाब जास्त असेल, तर फवाऱ्याचे धुके होते. मोजायचेच असेल, तर चार नोझलच्या मधल्या चौकोनात सारख्या तोंडाचे १६ डबे सारख्या अंतरावर मांडून तासभर संच चालवावा. प्रत्येक डब्यातले पाणी आणि सरासरी यांतला फरक काढावा, या फरकांची सरासरी डब्यांच्या सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर वाटप चांगले समजावे. ही टक्केवारी शंभरातून वजा केली की ख्रिश्चनसन यांनी १९४२ मध्ये मांडलेला समानतेचा गुणांक मिळतो आणि आजही तो वापरात आहे.

तासाला १२.५ मिलिमीटरचा वेग मध्यम जमिनीला झेपतो. चिकण पोयट्यात पाणी मुरण्याचा वेग तासाला ५ ते १० मिलिमीटर आणि चिकण मातीत १ ते ५ मिलिमीटर असतो, तिथे हाच संच पाणी पृष्ठभागावरून वाहवील. नोझलखाली चमकणारी डबकी दिसू लागली आणि ती उताराकडे सरकू लागली, की नोझल लहान घ्यावी. अशा वेळी फक्त वेळ कमी करून भागत नाही.

तुषार घेताना पंपाचा विचार अनेकदा राहून जातो. जो पंप उघड्या पाटात सेकंदाला ५ लिटर देतो, तोच तुषारच्या २.५ किलो दाबासाठी सुमारे २५ मीटरचा जादा उपसा झाल्यावर ५ लिटर देईलच असे नाही. पाणी साडेतीन लिटरवर आले, तर दहाच्या जागी सातच नोझल नीट चालतील आणि उरलेली तीन जोडली तर सगळ्यांचाच दाब बिघडेल. पाण्याची कार्यक्षमता वाढली तरी प्रत्येक घनमीटरमागची ऊर्जा वाढते, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आता ठिबक. गव्हात १.२ मीटरवर लॅटरल म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, त्यांवर ४० सेंटिमीटरवर ड्रिपर आणि ड्रिपरला तासाला २ लिटर, अशी मांडणी धरू. हेक्टरला ८ किलोमीटरहून अधिक लॅटरल लागतात, पाणी तासाला सुमारे ४.२ मिलिमीटर पडते आणि आपल्या पाण्यावर शेताचे तीन भाग करावे लागतात. पिकाची रोजची गरज ४.५ मिलिमीटर असताना ९० टक्के कार्यक्षमतेने रोज ५ मिलिमीटर द्यावे लागते, म्हणजे प्रत्येक भागाला ७२ मिनिटे. दहा दिवसांत ४५ मिलिमीटरच्या एका पाळीइतके काम होते आणि त्याला ५०० घनमीटर पाणी लागते, म्हणजे सेकंदाला ५ लिटरच्या मापाने सुमारे २८ तास. आखूड साऱ्यांचे ३३ तास आणि ठिबकचे २८, म्हणजे दाट पेरलेल्या, जमीन झाकून टाकलेल्या गव्हात फरक एवढाच आहे. हलक्या जमिनीत तर पाणी आडवे पसरत नाही, लॅटरल ६० सेंटिमीटरवर आणावे लागतात आणि नळीची लांबी १६ किलोमीटरच्या पुढे जाते.

हा फरक इतका थोडा का, हे समजले तर बाकीचे सोपे होते. पिकाने पानांवाटे सोडलेले पाणी कोणतीही पद्धत वाचवू शकत नाही. ठिबक तीनच गोष्टी कमी करते: मुळांखालचा पाझर, शेताबाहेर वाहून जाणे आणि उघड्या ओल्या मातीवरून होणारे बाष्पीभवन. गव्हाने जमीन झाकली, की तिसरी गोष्ट आधीच किरकोळ झालेली असते. पहिल्या दोन गोष्टी नीट आखलेल्या साऱ्यांतही आटोक्यात येतात. दीड मीटर अंतराच्या ओळींत लावलेल्या कपाशीची किंवा उसाची स्थिती वेगळी असते. पानांनी जमीन झाकायला निदान दोन-अडीच महिने लागतात आणि तोवर मोकाट किंवा तुषार पाणी दोन ओळींमधली सगळी मोकळी जमीन दर पाळीला भिजवत राहते. ते पाणी सूर्य आणि तण यांत वाटले जाते. ठिबकने तिथे ओळीलगतचा एक तृतीयांश पट्टाच भिजतो, मुळे उथळ असताना रोज दोन-तीन मिलिमीटरच पाणी देता येते आणि खत त्याच पट्ट्यात राहते. ठिबकची बचत खरी कुठे असेल, तर ती रुंद ओळींच्या पिकाच्या पहिल्या निम्म्या हंगामात. पुढे पाने एकमेकांत मिसळली की हा फरक आटत जातो. ठिबकवर पीक जोमदार वाढले तर ते अधिक पाणीही पिते, म्हणून प्रति किलो उत्पादनाला लागणारे पाणी कमी झाले तरी प्रति हेक्टर पाणी तेवढ्याच प्रमाणात कमी होईल, असे समजू नये.

ठिबकची कार्यक्षमता बिघडते ती ड्रिपरच्या असमानतेने, आणि ते वरून दिसत नाही. यासाठी एक तपासणी दर हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर करावी. एका भागातील चार लॅटरल निवडावेत, प्रत्येकावर सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि शेवट अशा चार जागी ड्रिपरखाली डबी ठेवून तीन मिनिटे पाणी गोळा करावे. तासाला २ लिटरचा ड्रिपर तीन मिनिटांत १०० मिलिलिटर देतो. समजा, सोळा डब्यांची सरासरी ९६ मिलिलिटर आली आणि सर्वांत कमी भरलेल्या चार डब्यांची सरासरी ६६. या दोहोंचा भागाकार ०.६९ येतो. सरासरी जवळजवळ १०० असल्याने पंपाकडे पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटेल, पण त्या चौथ्या हिश्श्यातल्या झाडांना पुरेसे पाणी द्यायचे तर संच ७२ ऐवजी १०० मिनिटांहून अधिक वेळ चालवावा लागेल आणि बाकीच्या झाडांखाली ते जादा पाणी पाझरून जाईल. सुकलेली झाडे पाहून वेळ वाढवत नेणारे शेतकरी नेमके हेच करत असतात. असे ठिबक ७५ टक्क्यांच्या तुषारहून वाईट चालले आहे.

डब्यांचे आकडे नीट पाहिले तर दोष कुठे आहे तेही कळते. प्रत्येक लॅटरलच्या शेवटच्या डब्या कमी भरत असतील, तर लॅटरल गरजेपेक्षा लांब आहे किंवा टोकाला गाळ साचला आहे, आणि टोके उघडून नळ्या धुतल्याने बराच फरक पडतो. एखादा लॅटरल आख्खाच कमी देत असेल, तर दोष लॅटरलना पाणी देणाऱ्या उपमुख्य नळीच्या जोडणीत किंवा तिथल्या दाबात शोधावा. कमी भरलेल्या डब्या कुठेही, क्रमाशिवाय विखुरलेल्या असतील, तर ड्रिपर चोंदत आहेत. तोंडाशी पांढरा थर असेल तर तो क्षारांचा असतो आणि आम्लाची मात्रा लागते, बुळबुळीत हिरवा-तपकिरी थर जैविक असतो आणि त्याला क्लोरीन लागते. ही दोन्ही द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत किंवा एकापाठोपाठ लगेच सोडू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. गाळणी स्वच्छ असताना तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात किती फरक असतो, ते एकदा लिहून ठेवावे. तो फरक वाढू लागला की गाळणी धुवायची वेळ झाली, ड्रिपर बंद पडण्याची वाट पाहू नये.

पाणी थोडे खारट असेल, तर आणखी एक बाजू आहे. मोकाट पाण्याचा पाझर हा निव्वळ तोटा नसतो, तो क्षारही खाली नेत असतो. ठिबकखाली क्षार ओल्या भागाच्या कडेला गोळा होतात आणि मध्येच हलका पाऊस पडला तर मुळांकडे परततात. त्यामुळे अशा जमिनीत हलक्या पावसातही ठिबक चालू ठेवावे लागते, आणि हंगामात एखादे मोठे पाणी देऊन क्षार धुवावे लागतात. खारट पाण्याने तुषार चालवले तर पाने कडेने करपू शकतात, म्हणून तिथे तो पर्याय सहसा टाळलेला बरा.

विहिरीच्या बाबतीत वाचलेल्या तासांचा अर्थही तपासून घ्यावा. शेतातून खाली पाझरलेले पाणी त्याच विहिरीच्या झऱ्यांना मिळत असेल, तर ते पूर्ण गमावलेले नसते. त्याचा पाझर थांबवून विजेची आणि खताची बचत होते, पण विहिरीची पातळी तेवढ्याच मापाने वाढणार नाही. बाष्पीभवनातून वाचलेले पाणी मात्र सर्व अर्थांनी वाचलेले असते. याच वाचलेल्या तासांवर आणखी अर्धा हेक्टर ओलिताखाली आणला, तर विहिरीवरचा एकूण उपसा पूर्वीइतकाच राहतो आणि पिकांनी उडवलेले पाणी उलट वाढते.

आपल्या परिस्थितीत मी गव्हासाठी ठिबक घेणार नाही. आधी दांडाऐवजी पाइप टाकेन, मध्यावर आडवी वाट काढून सारे ५० मीटरचे करेन, आणि जमीन हलकीकडे झुकणारी असेल किंवा उगवणीच्या पाळ्या नेहमी द्याव्या लागत असतील, तर त्याच पाइपवर तुषारचा संच जोडेन. जमिनीत खोल भेगा पडत असतील, तर तुषारचीही घाई करणार नाही. पुढच्या हंगामात रुंद ओळींचे पीक नक्की असेल, तर ठिबक त्या पिकासाठी घ्यावे, पण आखणी करून घेताना विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: तुमच्या पंपाच्या प्रत्यक्ष दाबावर शेवटच्या ड्रिपरचा प्रवाह किती राहील, आणि सेकंदाला ५ लिटरमध्ये शेताचे किती भाग पडतील. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरच्या प्रवाहात दहा टक्क्यांहून अधिक फरक येत असेल, तर उपमुख्य नळी शेताच्या मध्यातून घेऊन लॅटरल आखूड करून मागावेत. संच बसल्यावर पहिल्याच आठवड्यात सोळा डब्यांची तपासणी करून तो आकडा लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी ड्रिपर किती घसरले आहेत ते नेमके कळेल.